शेवटचे क्रियापद
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कायद्याचा पदवीधर नाही. साधा बी.ए. आहे, मात्र केंद्र सरकारच्या नोकरीत माझा बहुतेक काळ कागद वाचण्यात आणि एका भाषेतला कागद दुसऱ्या भाषेत नेण्यात गेला आहे. सभागृहात वकील मंडळीही बसली आहेत. मी त्यांच्या प्रांतात चार पावले टाकणार आहे, तेवढी मुभा ते मला देतील अशी आशा आहे. आजचा माझा विषय आहे मराठी दस्तऐवजातले लांबलचक वाक्य आणि ते इंग्रजीत नेताना त्याचे काय होते, हा. विषय रुक्ष वाटेल. परंतु या वाक्याच्या शेवटच्या तीन-चार शब्दांवर कित्येकदा एखाद्या कुटुंबाचे घर किंवा दुकान अवलंबून असते.

मराठी कागदपत्रे या शहराला नवी नाहीत. बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले तेव्हापासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, छत्तीसगडात मराठीत आणि मोडी लिपीत कारभार होऊ लागला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, तरी नागपूरशी असलेले आपले नाते तुटले नाही. १९३६ साली नागपूरला हायकोर्ट स्थापन झाले आणि १९५६ पर्यंत रायपूरची अपिले तेथेच जात असत. त्यानंतर ती जबलपूरला जाऊ लागली आणि २००० सालापासून बिलासपूरला जातात. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचा मान होता. त्यामुळे आपल्यापैकी अनेकांच्या घरच्या ट्रंकेत आजोबा-पणजोबांची मराठी खते निघतात, काही इथली, काही नागपूर-अमरावतीकडची.

या खतांचे हिंदी भाषांतर आपण सहज करतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या १९व्या कलमात अशी तरतूद आहे की, दस्ताची भाषा निबंधकाला कळत नसेल आणि ती त्या जिल्ह्यात रूढही नसेल, तर त्यासोबत जिल्ह्यातल्या रूढ भाषेतील खरे भाषांतर जोडल्याशिवाय तो नोंदवून घेतला जाऊ नये. अशा वेळी आपण मराठी खताची हिंदी प्रत तयार करतो, आणि ती बहुधा ठीक उतरते. याचे कारण हिंदीचे क्रियापदही वाक्याच्या शेवटीच येते. ‘दिल्यास’च्या जागी ‘देने पर’, ‘समजून’च्या जागी ‘समझकर’ ठेवले की मराठी वाक्य जसेच्या तसे हिंदीत उभे राहते. डबे तेच, क्रम तोच, फक्त गाडीचा रंग बदलला. या सवयीमुळे आपल्याला वाटू लागते की भाषांतर म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे. खरी अडचण येते ती कागद वरच्या न्यायालयात जातो तेव्हा. घटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे आणि उच्च न्यायालयांतही सामान्यतः तीच चालते. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या लगेच मागोमाग यावे लागते. म्हणजे मराठीत इंजिन गाडीच्या शेवटी असते, ते इंग्रजीत पुढे आणून जोडावे लागते. आणि ते पुढे आणताना सगळे डबे सोडवून पुन्हा जोडावे लागतात.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक नमुना घेऊ. हा कोणाच्या घरचा खरा दस्त नव्हे. जुन्या खतांच्या शैलीत मीच तो रचला आहे. मालवीय रोडला लागून असलेला आपला गोलबाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. समजा, तेथले एक दुकान एका मराठी गृहस्थाने दुसऱ्याला पूर्वी केव्हातरी लिहून दिले आणि खतात पुढील एकच वाक्य आहे:

“गोलबाजार, रायपूर येथील खाली चतुःसीमेत वर्णन केलेले आमचे मालकीचे व वहिवाटीचे दुकान, आपणांकडून आज रोजी रोख रुपये २,००० भरून पावल्यावरून, आजपासून पाच वर्षांचे आत सदर रक्कम आम्ही एकरकमी परत दिल्यास आपण सदर दुकान आमचे खर्चाने आम्हांस फिरून खरेदी देऊन कब्जा द्यावा, आणि सदर मुदतीत रक्कम न दिल्यास हेच खत कायम खरेदीचे समजून आपण दुकानाचा वंशपरंपरा उपभोग घ्यावा, या शर्तीवर आपणांस खरेदी देऊन कब्जा दिला असे.”

ज्यांनी अशी खते वाचली आहेत त्यांना हे वाक्य मुळीच अवघड वाटणार नाही. आपण ते ऐकताना ‘दुकान’ हा शब्द मनात धरून ठेवतो, मग पैसे पावल्याचे ऐकतो, मग एक शर्त, मग दुसरी शर्त, आणि शेवटी ‘या शर्तीवर’ हे दोन शब्द कानी पडतात तेव्हा त्या दोन्ही शर्ती एका मुठीत येतात. लगेच ‘खरेदी देऊन कब्जा दिला असे’ म्हणून वाक्य मिटते. मोडीत पूर्वी विरामचिन्हे नसत आणि शब्दही बहुधा तोडून लिहीत नसत. तेव्हा वाक्य कोठे संपले हे सांगण्याचे काम हे शेवटचे ‘असे’च करीत असे. पूर्णविराम नव्हता, त्याचे काम क्रियापद करी.

आता या वाक्याचे तुकडे पाडू. पहिला तुकडा दुकानाचा. दुसरा रुपये पावल्याचा. तिसरा ‘पाच वर्षांचे आत परत दिल्यास’ हा. चौथा ‘फिरून खरेदी देऊन कब्जा द्यावा’. पाचवा ‘रक्कम न दिल्यास’. सहावा ‘कायम खरेदीचे समजून उपभोग घ्यावा’. सातवा ‘या शर्तीवर’. आणि आठवा, म्हणजे इंजिन, ‘खरेदी देऊन कब्जा दिला असे’. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दुकान दिले कोणी, तो कर्ता या वाक्यात कोठेही नाही. तो खताच्या मथळ्यात ‘लिहून देणार’ म्हणून एकदा आलेला आहे आणि मराठीला तेवढे पुरते. इंग्रजीला पुरत नाही. तिला कर्ता हवाच, आणि तो प्रथम हवा.

भाषांतरकार मराठीच्या क्रमानेच चालू लागला तर काय होते पाहा. ‘द शॉप’ असे म्हणून त्याने आरंभ केला आणि पुढे ‘हॅविंग रिसीव्ह्ड रुपीज टू थाउजंड’ असे लिहिले. इंग्रजीच्या नियमाप्रमाणे रुपये पावले ते दुकानाला! वाचणारा हसून पुढे जाईल, कारण दुकान पैसे घेत नाही हे सर्वांना कळते. हा दोष दिसतो, म्हणून तो फारसा घातक नाही. घातक दोष तो, ज्यात इंग्रजी वाक्य शुद्ध, सुबोध आणि गुळगुळीत असते आणि तरीही अर्थ बदललेला असतो.

तो असा घडतो. लांब वाक्य झेपत नाही म्हणून भाषांतरकार ते स्वल्पविरामांच्या ठिकाणी तोडतो. तो लिहितो: आम्हांस दोन हजार रुपये मिळाले. आम्ही आपणांस दुकान विकून कब्जा दिला. पाच वर्षांत रक्कम परत दिल्यास आपण दुकान पुन्हा आमच्या नावे करून द्यावे. न दिल्यास आपण त्याचा कायम उपभोग घ्यावा. चार छोटी, स्वच्छ वाक्ये झाली. सातवा तुकडा, ‘या शर्तीवर’, कोठे गेला? त्याला टांगायला खुंटीच राहिली नाही, म्हणून तो गळाला. मूळ वाक्यात दोन्ही शर्ती विक्रीच्या पोटात होत्या, कारण शेवटच्या क्रियापदाने त्यांना आपल्या कवेत घेतले होते. भाषांतरात विक्री दुसऱ्या वाक्यात निर्वेधपणे पुरी झाली आणि शर्ती तिच्यामागून आलेली स्वतंत्र वचने ठरली.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५८वे कलम उघडून पाहा. त्याच्या ‘क’ पोटकलमात शर्तीच्या विक्रीने होणारे गहाण वर्णिले आहे. आपल्याकडे त्याला मुदतखरेदी म्हणतात. दर्शनी विक्री झालेली असते. पण ती अशा शर्तीवर की, ठरल्या दिवशी पैसे न दिल्यास विक्री कायम व्हावी, किंवा पैसे दिल्यास विक्री रद्द व्हावी, किंवा पैसे दिल्यास घेणाऱ्याने मालमत्ता परत करून द्यावी. आपल्या नमुन्यात पहिली आणि तिसरी अशा दोन्ही खुणा आहेत. १९२९ साली या कलमाला एक परंतुक जोडण्यात आले. त्याप्रमाणे ही शर्त विक्रीच्या त्याच दस्तात असली पाहिजे, नाहीतर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाही.

मग शर्त त्याच दस्तात आहे एवढ्यावर तो आपोआप गहाण ठरतो काय? नाही. १९५४ साली चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. शर्त वेगळ्या कागदात असेल तर गहाण नाही हे खरे. पण ती एकाच कागदात आहे म्हणून गहाणच, असा उलटा नियम नाही. तेथे दस्ताच्या शब्दांवरून पक्षकारांचा हेतू पाहायचा आणि शब्द संदिग्ध असतील तर भोवतालची परिस्थिती पाहायची. हा निर्णय लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे एके काळी ज्या कोर्टाकडे रायपूरचे पक्षकार डोळे लावून बसत त्याच कोर्टाचे.

आता दोन अर्थांमधले अंतर मोजू. व्यवहार गहाण ठरला, तर लिहून देणाऱ्याचा गहाण सोडवण्याचा हक्क पाच वर्षे संपली म्हणून संपत नाही. तो हक्क उत्पन्न झाल्यापासून दावा लावायला जुन्या कायद्याने साठ वर्षे होती, १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने ती तीस झाली. उलट तो निखळ विक्री आणि सोबत परत विकण्याचा करार असा ठरला, तर मुदत काटेकोर पाळावी लागते. पाच वर्षे उलटून एक दिवस गेला तरी दुकान गेले. एका बाजूला तीस वर्षे, दुसऱ्या बाजूला एक दिवस. हे अंतर मूळ खतात ‘या शर्तीवर’ या दोन शब्दांनी तोलून धरले होते. अर्थात केवळ या शब्दांवर निकाल लागतो असे मी म्हणत नाही. किंमत वाजवी होती की फार कमी, कब्जा कोणाकडे राहिला, कर कोण भरत होता, हेही न्यायालय पाहते. शिवाय पुरावा मूळ दस्ताचाच असतो. भाषांतर म्हणजे दस्त नव्हे. पण अपिलाच्या छापील कागदांत वाचला जातो तो इंग्रजी मजकूर. मराठी न जाणणाऱ्या न्यायाधीशाला त्यात न दिसलेली शर्त कोणीतरी मूळ खत उघडून दाखवीपर्यंत दिसणार नाही.

तेव्हा योग्य मार्ग कोणता? आठवा तुकडा पुढे आणायचा, त्याला मथळ्यातला कर्ता द्यायचा, त्यामागे पहिला म्हणजे दुकान, मग दुसरा म्हणजे रुपये, आणि तेथे सातवा तुकडा, ‘ऑन द कंडिशन दॅट’, घट्ट बसवायचा. त्याच्या पोटात (अ) आणि (आ) अशी अक्षरे घालून तिसरा-चौथा एकत्र आणि पाचवा-सहावा एकत्र लिहायचा. नवा क्रम झाला आठ, एक, दोन, सात, आणि मग तीन, चार, पाच, सहा. म्हणजे प्रत्यक्षात जागचे हलले ते सातवा आणि आठवा हे दोनच तुकडे. बाकीच्यांचा आपसातला क्रम होता तसाच राहिला. वाक्य एकच राहिले, तरी वाचणाऱ्याला दम लागत नाही, कारण मुख्य क्रिया त्याला आरंभीच कळली आहे.

शर्त आधी आणि आज्ञा नंतर हा क्रम इंग्रजीला अगदीच परका नाही, हेही सांगितले पाहिजे. १८४०च्या दशकात जॉर्ज कूड नावाच्या इंग्रज कायदेपंडिताने कायद्याचे वाक्य कसे रचावे यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने प्रथम प्रसंग, मग शर्त, मग कर्ता आणि शेवटी क्रिया असा क्रम सुचवला होता. आपल्या ‘दिल्यास… द्यावे’ या चालीशी तो किती जुळतो पाहा! म्हणून पोटातल्या शर्ती इंग्रजीत ‘इफ’ने आरंभ करून मराठीच्या क्रमाने ठेवता येतात. मात्र कर्ता आणि क्रियापद यांना इंग्रजीत शेजारी बसवावे लागते. मराठीत ‘दुकान’ आणि ‘दिला असे’ यांच्यामध्ये पन्नास-साठ शब्द मावतात. इंग्रजीत कर्ता आणि क्रिया यांच्यामध्ये इतके शब्द घातले तर वाचणारा कर्ता विसरून जातो.

येथवर मोठ्या सांध्याचे झाले. आता तीन लहान सांधे दाखवतो. क्रियापद पुढे नेले की तेही निखळतात.

पहिला सांधा ‘ऊन’ या प्रत्ययाचा. ‘खरेदी देऊन कब्जा दिला’ यात शेवटचे पूर्ण क्रियापद आहे ‘दिला’, आणि ते कब्ज्याचे आहे. व्याकरणाने पाहिले तर ‘खरेदी देऊन’ हे उपवाक्य दुय्यम. परंतु खताचे सारे वजन खरेदीवर आहे; कब्जा हे तिचे फळ. मराठीत ‘ऊन’ लावल्याने क्रियेचे वजन घटत नाही, फक्त क्रम कळतो. इंग्रजीत ‘हॅविंग सोल्ड, वुई डिलिव्हर्ड पझेशन’ असे लिहिले की विक्री पूर्वीच कधीतरी झाली होती आणि या कागदाने केवळ कब्जा दिला, असा भास होतो. म्हणून तेथे दोन पूर्ण क्रियापदे करावी लागतात: विकले आणि कब्जा दिला. सहाव्या तुकड्यातले ‘समजून’ याहून नाजूक. ‘हेच खत कायम खरेदीचे समजून आपण उपभोग घ्यावा’ याचे शब्दशः ‘ट्रीटिंग’ असे केले तर खत कायम झाले की नाही हे समजण्याचा अधिकार जणू घेणाऱ्याच्या हाती जातो. खतलेखकाला तसे म्हणायचे नव्हते. दोन्ही पक्षांनी तसे समजावे असे त्याच्या मनात होते. म्हणून ‘हे खत कायम खरेदीचे समजले जाईल’ असे वेगळे वाक्यांग इंग्रजीत करावे लागते आणि उपभोगाचे त्यामागून यावे लागते. थोडक्यात, प्रत्येक ‘ऊन’पाशी थांबून ही क्रिया कोणाची, असे विचारले पाहिजे.

दुसरा सांधा मुदतीचा. मराठीत ‘आजपासून पाच वर्षांचे आत’ हे शब्द ‘परत दिल्यास’च्या आधी आले आहेत. मराठीत विशेषण-क्रियाविशेषणे पुढे येणाऱ्या शब्दाला चिकटतात, म्हणून पाच वर्षे ही पैसे देण्याची मुदत आहे याविषयी शंका नाही. इंग्रजीत ‘द्यावा’ आधी येते, शर्त मागे जाते आणि मुदत वाक्याच्या शेपटीला लटकते. आपण दुकान परत करून द्यावे, रक्कम मिळाल्यावर, पाच वर्षांच्या आत, असे झाले. आता पाच वर्षांच्या आत काय व्हायचे, पैसे की परतीचे खत? समजा, लिहून देणाऱ्याने पाचव्या वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात रक्कम आणून दिली आणि घेणारा म्हणाला, मुदतीत खत होणे शक्य नव्हते, आता प्रश्न मिटला. मूळ मराठी वाक्यात या वादाला जागा नाही; भाषांतराने ती निर्माण केली. म्हणून मुदतीचे शब्द ‘इफ’च्या पोटात, पैसे देण्याच्या क्रियापदाला लागून ठेवायचे. ‘आमचे खर्चाने’ हे शब्दही असेच. ते परतीच्या खरेदीला चिकटलेले आहेत, त्यांना तेथून हलू द्यायचे नाही.

तिसरा सांधा ‘द्यावा’ आणि ‘घ्यावा’ यांचा. मराठीत दोन्ही रूपे एकाच साच्यातली. पण चौथ्या तुकड्यातला ‘द्यावा’ हा घेणाऱ्यावरचा बोजा आहे आणि सहाव्यातला ‘घ्यावा’ ही त्याला दिलेली मुभा आहे. मराठी वाचक वाक्य संपेपर्यंत थांबतो आणि संदर्भावरून भेद ओळखतो. इंग्रजीत तो निवाडा आरंभीच करावा लागतो, पहिल्यासाठी ‘शॅल’ आणि दुसऱ्यासाठी ‘मे’. दोन्हीकडे ‘शुड’ लिहिणारा भाषांतरकार बोजाही हलका करतो आणि मुभाही अवघडवतो. याच ठिकाणी ‘रक्कम न दिल्यास’कडेही पाहावे. खतात आधी ‘एकरकमी’ म्हटले आहे, आणि पाचव्या तुकड्यातली रक्कम तीच. कोणी मुदतीत दीड हजारच दिले तर ‘न दिल्यास’ लागू होते. इंग्रजीत नुसते ‘नॉट पेड’ न लिहिता ‘नॉट सो पेड’ असे लिहिले, म्हणजे त्या एका ‘सो’मुळे मागची ‘एकरकमी’ आणि ‘पाच वर्षांचे आत’ ही दोन्ही पदे ओढून आणली जातात.

कोणी म्हणेल, मग वाक्य तोडूच नये काय? तसे नाही. तोडण्याची एक कसोटी आहे. जो तुकडा बाजूला काढल्यावरही शेवटच्या क्रियापदाचा अर्थ तसाच राहतो, तो खुशाल वेगळा करावा. चतुःसीमा, म्हणजे पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे दुकान वगैरे, परिशिष्टात गेली तर विक्रीला धक्का लागत नाही. मालकी कशी आली याचा इतिहास आरंभीच्या वेगळ्या वाक्यांत जाऊ शकतो. पण जो तुकडा काढताच विक्री सशर्त होती ती बिनशर्त होते, तो तोडता येत नाही. लांबीला घाबरून नव्हे, बंधन कोठवर पोचते हे पाहून कात्री चालवायची.

भाषांतर नीट झाले की नाही हे घरच्या माणसालाही तपासता येते. मूळ खतातले प्रत्येक वाक्य घेऊन शेवटचे क्रियापद अधोरेखित करावे. मग ‘ल्यास’, ‘ल्यावर’ आणि ‘ऊन’ यांखाली रेघा ओढून प्रत्येकीवर कर्त्याचे नाव लिहावे. ‘या शर्तीवर’, ‘येणेप्रमाणे’, ‘सबब’ असे मागचे सारे गोळा करणारे शब्द दिसले तर त्यांना चौकट करावी. नंतर इंग्रजी प्रत हाती घेऊन त्या चौकटीतल्या शब्दाचा प्रतिनिधी तेथे आहे काय ते आधी शोधावे. तो नसेल तर पुढे वाचायची गरज नाही. भाषांतर परत पाठवावे. तो असेल तर इंग्रजी मजकुरावरून, मूळ न पाहता, कोणी, कोणास, केव्हा, कशावर, एवढे चार प्रश्न एखाद्या तिऱ्हाइताला विचारावेत आणि त्याची उत्तरे मूळ खताशी ताडून पाहावीत. उत्तरे जुळली तर शब्द कोणतेही असोत, भाषांतर खरे आहे.

आपल्या मुलांचे शिक्षण आता हिंदी-इंग्रजीत होते आणि जुनी खते वाचणारे हात कमी होत आहेत. ट्रंकेतला कागद भाषांतराला देण्याची पाळी आपल्यापैकी पुष्कळांवर येईल. त्या वेळी मूळ खत भाषांतरासोबतच ठेवावे आणि भाषांतरकाराला एवढेच सांगावे, की वाचायला शेवटापासून आरंभ करा. आमच्या पूर्वजांनी व्यवहाराची गाठ तेथे मारलेली आहे.